बाटलीवरच्या एमए, एमए२, एमबी या अक्षरांचा अर्थ आणि आपल्या रोजच्या गाडीला कोणतं ऑईल

दिवाळी नुकतीच झाली होती, कापसाची पहिली वेचणी सुरू होती. चुलतभाऊ सकाळीच दुकानात आला. तो रोज गावातून तालुक्याला दूध आणतो. शंभर सीसीच्या गाडीला मागे दोन कॅन, प्रत्येकी २० लिटरचा. बाकड्यावर बसायच्या आधीच म्हणाला, "दादा, गाडी नुसती रेस घेते, पुढं सरकत नाई. चढावर त आवाज भलताच, अन् वेग बैलगाडीचा."

मी क्लचच्या वायरबद्दल विचारलं. म्हणाला, वायर टाईट केली, ढिली केली, फरक नाही. मग विचारलं, ऑईल कधी बदललं?

"आठ दिस झाले. सुनेच्या स्कूटरसाठी आणलेला डबा घरी सीलबंद पडला होता, थ्यातलंच टाकलं मिस्तरीनं. तेही १०-३०, हेही १०-३०. आकडा त सेमच होता ना?"

आकडा सारखाच होता, अक्षरं वेगळी होती. स्कूटरच्या डब्यावर एमबी छापलं होतं, त्याच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये एमए लिहिलं होतं. स्पेअर पार्टच्या दुकानात इतकी वर्षं बसून मला सगळ्यात जास्त वेळा हीच चूक दिसली आहे. माणूस आकडा बघतो, ब्रँड बघतो, किंमत बघतो आणि मागच्या बाजूच्या चौकटीतली दोन अक्षरं सोडून देतो. म्हणून हा लेख मुख्यतः त्या दोन अक्षरांवर आहे. १०डब्ल्यू-३० घ्यावं की २०डब्ल्यू-४०, हे त्यानंतर बघू.

गाडीचं ऑईल कारपेक्षा वेगळं का लागतं

कारमध्ये इंजिनचं ऑईल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. साध्या गिअरच्या कारचा क्लच तर कोरडाच असतो, त्याला ऑईलचा थेंबही लागू द्यायचा नसतो. आपल्या गिअरवाल्या गाडीत मात्र एकच ऑईल तीन कामं करतं. पिस्टन आणि कॅमला वंगण देतं, गिअरच्या दात्यांमध्ये चेपलं जातं, आणि क्लचच्या प्लेटाही त्याच ऑईलमध्ये बुडालेल्या असतात.

क्लच उघडून बघितला तर एक प्लेट स्टीलची, पुढची अस्तर लावलेली, परत स्टीलची, अशा चकत्या एकावर एक रचलेल्या दिसतात. लिव्हर सोडली की स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबते आणि त्या घट्ट धरल्यावर इंजिनची ताकद चाकाकडे जाते. म्हणजे या जागी घर्षण आपल्याला हवं असतं. पिस्टनपाशी तेच घर्षण कमीत कमी हवं. एकाच ऑईलकडून दोन उलट गोष्टी मागायच्या असतात, आणि एमए, एमबी ही अक्षरं याच अडचणीतून निघाली.

कारच्या ऑईलवाल्यांना नव्वदच्या दशकात पेट्रोल वाचवण्याची गरज पडली. त्यांनी ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं वाढवली. कारचा क्लच ऑईलमध्ये नसल्यामुळे त्यांचं काही बिघडलं नाही. तेच ऑईल मोटारसायकलमध्ये गेलं की ती रसायनं प्लेटांवर बसायची आणि क्लच घसरायचा. म्हणून जपानच्या वाहन मानक संस्थेने, म्हणजे जासोने, १९९८ मध्ये चार स्ट्रोकच्या मोटारसायकल ऑईलसाठी वेगळं मानक काढलं. त्याचा नंबर टी ९०३. सुरुवातीला त्यात एमए आणि एमबी असे दोनच वर्ग होते. २००६ च्या सुधारणेत एमए चे आतमध्ये एमए१ आणि एमए२ असे दोन भाग केले.

ही अक्षरं कशी ठरतात

एका यंत्रात खऱ्या क्लच प्लेटा ते ऑईल घालून पुन्हा पुन्हा जोडतात आणि तीन गोष्टी मोजतात. प्लेटा एकमेकींवर घसरत घसरत धरत असताना पकड किती, हे पहिलं. पूर्ण धरल्यावर सुटायला किती जोर लागतो, हे दुसरं. आणि फिरणारी प्लेट थांबायला किती वेळ लागतो, हे तिसरं. पहिली पकड गिअर टाकून गाडी उचलताना कामाला येते. दुसरी पकड चढावर, ओझं घेऊन पूर्ण रेस दिल्यावर लागते. चुलतभावाच्या गाडीत हीच दुसरी पकड गेली होती.

तिन्ही आकडे वरच्या पट्ट्यात आले तर ऑईल एमए२. तिन्ही मधल्या पट्ट्यात आले तर एमए१. काही मधल्या पट्ट्यात आणि काही वरच्या पट्ट्यात आले तर नुसतं एमए. तिन्हीपैकी एक जरी खालच्या पट्ट्यात गेला तर ते एमबी.

म्हणून एमबी हे वाईट किंवा हलक्या दर्जाचं ऑईल आहे असं समजू नका. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच बाहेरच्या बाजूला, पट्ट्याच्या कव्हरमध्ये, कोरडा चालतो. त्या इंजिनाला प्लेटांची पकड लागतच नाही. तिथे घर्षण जितकं कमी तितकं पेट्रोल वाचतं. स्कूटरला एमबी योग्यच आहे. काही कंपन्या मायलेजसाठी आपल्या ठरावीक गाड्यांनाही एमबी सुचवतात, कारण त्या क्लचची रचना त्यांनी त्या हिशोबाने केलेली असते. अशा गाडीत एमए घातलं तर बिघाड होत नाही, फार तर मायलेज थोडं उतरतं. उलट बाजूने मात्र ही सूट नाही. मॅन्युअल एमए म्हणत असेल तर एमबी चालत नाही.

मॅन्युअल एमए म्हणत असेल तर एमए२ बिनधास्त घाला, ते एमए च्याच आतलं जास्त पकडीचं ऑईल आहे. मॅन्युअल एमए२ म्हणत असेल तर मात्र एमए१ किंवा नुसतं एमए घेऊन भागवू नका. आणि दोन माणसं, वर खताचं पोतं किंवा दुधाचे कॅन असा रोजचा वापर असेल, तर मॅन्युअलमध्ये एमए असलं तरी मी गिऱ्हाइकाच्या हातात एमए२ च देतो. किमतीत फारसा फरक पडत नाही, आणि फरक पडला तरी प्लेटांचा सेट त्याहून महाग पडतो.

बाटली हातात घेतल्यावर नेमकं काय बघायचं

समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरात ब्रँड, फोरटी, १०डब्ल्यू-३० वगैरे असतं. त्यावर थांबू नका, बाटली उलटी करा. मागच्या लेबलवर एक लहानशी आयताकृती चौकट शोधा. तिच्यात वरच्या बाजूला अक्षरं आणि अंकांचा एक कोड असतो, मधे ठळक एमए, एमए१, एमए२ किंवा एमबी, आणि खाली हमी देणाऱ्या कंपनीचा उल्लेख. या चौकटीचा अर्थ असा की कंपनीने आपल्या ऑईलची चाचणी करून त्याची नोंद जासोच्या यादीत केली आहे आणि या वर्गाची जबाबदारी ती स्वतः घेते. जासोचा माणूस प्रत्येक बॅच तपासत नाही. तरीही कोड असलेली चौकट आणि नुसतं कुठेतरी ओळीत छापलेलं 'जासो एमए' यात फरक आहे. चौकटीमागे नोंद असते, ओळीमागे नोंद असेलच असं नाही. दोन बाटल्या सारख्याच किमतीत मिळत असतील तर चौकटवाली घ्या.

त्याच लेबलवर एपीआय या अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेची अक्षरं असतात: एसजे, एसएल, एसएम, एसएन. यात दुसरं अक्षर जितकं पुढचं, तितकं मानक नवं. मॅन्युअल एसएल म्हणत असेल तर एसएम किंवा एसएन चालतं, एसजे चालत नाही. पण ही अक्षरं इंजिनाची झीज, गाळ, ऑईल जळणं यांच्याबद्दल सांगतात, ओल्या क्लचबद्दल काहीच सांगत नाहीत. एसएन बघून 'हे भारीतलं आहे' म्हणत कारचं ऑईल गाडीत घालणारे याच ठिकाणी फसतात. कारच्या डब्यावर पुष्कळदा गोल चिन्हाच्या खालच्या भागात रिसोर्स कन्झर्विंग किंवा एनर्जी कन्झर्विंग असे शब्द असतात. ते दिसले तर तो डबा गिअरच्या मोटारसायकलसाठी नाही.

आपल्याकडे घरोघरी ट्रॅक्टर आहेत, त्यामुळे आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ट्रॅक्टरच्या बादलीवर सीआय-४ असं सी पासून सुरू होणारं अक्षर असतं, ते डिझेल इंजिनाचं. काही डिझेल ऑईलवर जासो हा शब्दही असतो, पण पुढे डीएच-१ लिहिलेलं असतं. तो डिझेलचा वर्ग आहे. जासो एवढं वाचून समाधान मानू नका, पुढची अक्षरं एम पासून सुरू होतात का ते बघा. फवारणीच्या पेट्रोल पंपाला आणि गवत कापायच्या मशीनला लागणाऱ्या टूटी ऑईलवर एफसी किंवा एफडी असतं. ते पेट्रोलमध्ये मिसळून जाळायचं ऑईल आहे, गाडीच्या इंजिनात ओतायचं नाही. फवारणीच्या दिवसांत एकाच कोपऱ्यात दोन्ही बाटल्या पडलेल्या असतात आणि अंधारात हात चुकीच्या बाटलीवर जातो. बाटलीवर मार्करने मोठ्या अक्षरात 'पंप' आणि 'गाडी' लिहून ठेवा.

आता आकड्यांकडे

आपल्या भागात एक समज पक्का बसला आहे. उन्हाळा कडक, म्हणून ऑईल जाड पाहिजे. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हे खरंच आहे. पण इंजिनातलं ऑईल आधीच त्याच्या दुप्पट गरम असतं. १०डब्ल्यू-३० मधला ३० हा आकडा मुळातच १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या जाडीवरून ठरतो. म्हणजे बाहेरच्या उन्हापेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरूनच तो आकडा दिलेला असतो. बाहेरचं ऊन वाढलं की ऑईलही काही अंश जास्त तापतं, एवढाच परिणाम. इंजिनाची अंतरं कंपनीने ज्या जाडीसाठी ठेवली, ती जाडी केवळ उन्हामुळे बदलत नाही.

पहिला आकडा, म्हणजे १०डब्ल्यू किंवा २०डब्ल्यू, हा थंडीचा आहे. २०डब्ल्यू ऑईलची स्टार्टिंगची चाचणी उणे १५ अंशाला होते, १०डब्ल्यूची उणे २५ अंशाला. आपल्याकडे पौषातल्या कडाक्याच्या पहाटेही पारा शून्याच्या वरच असतो. म्हणून २०डब्ल्यू घातल्याने गाडी चालूच होणार नाही, ही भीती धरू नका. फरक इतकाच पडतो की थंड पहाटे जाड ऑईल वर कॅमपर्यंत पोहोचायला किंचित जास्त वेळ घेतं. म्हणून किक मारल्या मारल्या जोरात रेस देऊ नका, अर्धा-एक मिनिट गाडी हळूच चालू राहू द्या.

मग २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० कोणाला? ज्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ते लिहिलं आहे, तिला. आपल्या रस्त्यावरच्या बऱ्याच जुन्या गाड्यांना कंपनीनेच ते सांगितलेलं आहे, आणि त्यांना १०डब्ल्यू-३० घालायचं काही कारण नाही. उलट ज्या गाडीला १०डब्ल्यू-३० लिहिलं आहे तिला नवी असताना '४० टाकून द्या, इंजिन मजबूत राहील' असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. जाड ऑईल ढवळण्यात ताकद जाते, पिकअप आणि मायलेज किंचित उतरतं, बदल्यात त्या इंजिनाला जास्तीचं काही मिळत नाही.

एक अपवाद मी मान्य करतो. गाडी पुष्कळ चाललेली आहे, दर हजार किलोमीटरला ऑईल थोडं थोडं कमी होतं, डिपस्टिकच्या खालच्या खुणेकडे येतं, आणि मॅन्युअलच्या तक्त्यात ४० ची परवानगी आहे. अशा गाडीला २०डब्ल्यू-४० एमए घातलं तर ऑईल पिणं थोडं कमी होतं. ही मलमपट्टी आहे. सायलेन्सरमधून निळसर धूर दिसू लागला की रिंग किंवा व्हॉल्व्हचं सील बघावंच लागतं, जाड ऑईलने ते बरं होत नाही.

उन्हाळ्याचा खरा मार बसतो तो दुसऱ्या गाडीला. पांदण रस्त्याने, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ओझं घेऊन, कमी वेगात जाणारी हवेवर थंड होणारी गाडी. इंजिनावर वारा लागत नाही आणि क्लच अर्धा दाबून अर्धा सोडून चालवला जातो. तिथे ऑईलही तापतं आणि प्लेटाही. त्यावर माझा इलाज असा: जाडी मॅन्युअलची, अक्षर एमए२, आणि बदली लवकर.

लवकर का, तर गिअरचे दाते ऑईलला कातरतात. ऑईल गरम झाल्यावरही जाड राहावं म्हणून त्यात लांब साखळीची रसायनं घातलेली असतात. दात्यांमध्ये चेपून चेपून त्या साखळ्या तुटतात आणि ऑईल हळूहळू पातळ होतं. याची खूण कानाला आणि पायाला कळते. गिअर आधी सहज पडायचे ते कट कट आवाज करून पडू लागतात, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. ही खूण दिसली की किलोमीटरची वाट बघू नका.

तीन बाटल्या समोर ठेवून

चुलतभावाला मी त्याच दिवशी काउंटरवर तीन बाटल्या मांडून दाखवल्या. त्याच्या मॅन्युअलमधली ओळ अशी होती: १०डब्ल्यू-३०, एसएल किंवा वरचं, जासो एमए.

पहिली बाटली १०डब्ल्यू-३०, एसएल, एमबी, ८०० मिलि. जाडी बरोबर, एपीआय बरोबर, क्लचसाठी बाद. त्याच्या घरचा डबा हाच.

दुसरी २०डब्ल्यू-४०, एसएल, एमए, एक लिटर. क्लचसाठी चांगली, पण गाडी चार वर्षांची, ऑईल पीत नाही, मॅन्युअलमध्ये ४० नाही. म्हणून तीही बाजूला.

तिसरी १०डब्ल्यू-३०, एसएन, एमए२, ९०० मिलि, सेमी सिंथेटिक. जाडी मॅन्युअलची, एपीआय मॅन्युअलच्या वरचं, क्लचचं अक्षर मॅन्युअलच्या आतलं आणि जास्त पकडीचं. हीच घ्यायची होती. सेमी सिंथेटिक असणं ही अट नव्हती. त्याच अक्षरांचं साधं मिनरल मिळालं असतं तर तेही चाललं असतं.

मिलिलिटरही बघा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात, एक इंजिन पूर्ण उघडल्यावर लागणारा आणि एक नुसत्या बदलीला लागणारा. दुसरा आकडा साधारण १०० मिलिने कमी असतो, कारण ऑईल सोडल्यावरही तेवढं आत चिकटून राहतं. सगळी बाटली ओतायची सवय असली की इंजिनात ऑईल जास्त होतं, ते ढवळून फेसाळतं आणि ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरकडे जातं.

हा १०० मिलिचा हिशोब चुलतभावाच्या गाडीत आणखी एका कारणाने महत्त्वाचा होता. एमबी सोडून एमए२ भरलं तरी आत ९०० पैकी १०० मिलि, म्हणजे सुमारे ११ टक्के, जुनं ऑईल राहणार. आणखी एकदा बदललं की ते एक टक्क्याच्या आसपास येतं. म्हणून चुकीचं ऑईल गेलेल्या गाडीला मी एका बदलीवर सोडत नाही. पहिलं साधं एमए२ मिनरल घालून २००-३०० किलोमीटर चालवायचं, मग परत सोडून चांगलं भरायचं.

क्लच खरंच घसरतो आहे का, हे आधी तपासा

ऑईलला दोष देण्याआधी लिव्हरची ढील बघा. हँडलजवळची लिव्हर बोटाने हलवली की टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. ती नसेल तर वायरच प्लेटा अर्धवट उघड्या धरते आणि कोणतंही ऑईल घातलं तरी क्लच घसरणार. आधी ती नीट करा.

मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये ३०-४० च्या वेगाने जा आणि एकदम रेस द्या. क्लच चांगला असेल तर आवाज आणि वेग बरोबर वाढतात. घसरत असेल तर आवाज एकदम चढतो, गाडी मागून येते. ओझं घेऊन चढावर हेच जास्त ठळक दिसतं. प्लेटा जळू लागल्या असतील तर सोडलेल्या ऑईलला करपट वास येतो आणि रंग नेहमीपेक्षा जास्त काळा दिसतो.

घसरण पहिल्या एक-दोन दिवसांत लक्षात आली आणि गाडी तिथेच थांबवली, तर दोन बदल्यांमध्ये बहुतेक वेळा काम भागतं. चुलतभावाने मात्र आठ दिवस, रोज चाळीस लिटर दूध घेऊन, तशीच ओढली होती. पहिल्या बदलीनंतर रिकामी गाडी ठीक चालू लागली, पण दूध ठेवलं की चढावर पुन्हा तेच. शेवटी कव्हर उघडलं. अस्तराच्या प्लेटा आरशासारख्या चकाकत होत्या, स्टीलच्या प्लेटांवर निळसर डाग पडले होते. म्हणजे त्या तापून गेल्या होत्या. प्लेटांचा सेट बदलला. नवीन अस्तराच्या प्लेटा बसवायच्या आधी एका भांड्यात त्याच एमए२ ऑईलमध्ये रात्रभर बुडवून ठेवल्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच दिवशी करपतात.

घरी बदलायचं असेल तर

गाडी पाच मिनिटं चालवून आणा, म्हणजे ऑईल कोमट आणि पातळ होईल. फार तापलेलं नको, हात भाजतो. मधल्या स्टँडवर, सपाट जागी लावा. खाली पसरट घमेलं ठेवा, वरचं झाकण आधी सैल करा, मग खालचा बोल्ट सोडा. बोल्टाला चिकटून आलेला वॉशर बघा. तो चेपलेला असेल तर नवा लावा, दोन-चार रुपयांची वस्तू आहे आणि तिच्याशिवाय थेंब थेंब गळत राहतं. ऑईल पूर्ण थांबेपर्यंत दहा मिनिटं द्या. बोल्ट लावताना आधी हाताने चढवा, मग पान्याने बेताने आवळा. इंजिनाचं खालचं कवच अल्युमिनिअमचं असतं, जोर लावला की आटे जातात आणि खर्च एकदम वाढतो.

शंभर-एकशेदहा सीसीच्या अनेक गाड्यांमध्ये कागदी फिल्टर नसतो. त्याऐवजी जाळी आणि उजव्या कव्हरमागे फिरणारा फिल्टर असतो, ज्याच्या भिंतीला काळा गाळ जमतो. नुसतं ऑईल बदलून तो गाळ जात नाही. मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरवर कव्हर उघडून तो मिस्तरीकडून साफ करून घ्या.

नवं ऑईल मापून ओता. मापाचं भांडं नसेल तर बाटलीच्या कडेच्या पट्टीवर मिलिलिटरच्या खुणा असतात. झाकण लावून गाडी दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, बंद करा, तेवढाच वेळ थांबा, मग डिपस्टिक बघा. अनेक गाड्यांत ती आटे न चढवता नुसती टेकवून मापायची असते, पण आपल्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते एकदा वाचून घ्या, कारण चुकीच्या पद्धतीने मापलं की आकडा वर-खाली दिसतो. साइड स्टँडवर मापलेलं माप कधीच धरू नका.

जुनं ऑईल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. रिकाम्या बाटलीत भरून गॅरेजवाल्याला द्या, तो ते विकतो.

बाटली खरी आहे का

आठवडी बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बाटल्यांबद्दल मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते, कारण खोट्या बाटलीवर अक्षरं खरी छापलेली असतात. झाकणाच्या रिंगचे दात तुटलेले नसावेत, झाकणाखाली चिकटवलेला पत्रा सलग असावा, आणि बॅच नंबर व तारीख बाटलीवर छापलेली असावी, वेगळ्या कागदावर चिकटवलेली नसावी. आपली रिकामी झालेली बाटली फेकताना झाकण वेगळं करा आणि बाटलीला चिरा द्या. याच अख्ख्या बाटल्या गोळा होऊन परत भरल्या जातात.

बदलीनंतरचे पहिले ५०० किलोमीटर झाले की एकदा डिपस्टिक बघा. पातळी जागच्या जागी असेल तर पुढे दर हजाराला एकदा बघितलं तरी चालतं. मॅन्युअल बदलीसाठी जो आकडा देतं तो साध्या रस्त्याचा आहे. पांदण, धूळ आणि ओझं रोजचं असेल तर मी ३००० वर बदलायला सांगतो. चुलतभाऊ आता तसंच करतो. त्याच्या ओसरीतल्या फळीवर दोन बाटल्या असतात, एकीवर खडूने 'स्कूटर, एमबी' आणि दुसरीवर 'दुधाची गाडी, एमए२' लिहिलेलं आहे.